पहिले घर घेण्याआधी: दोघांनी बसून केलेला बचतीचा आणि खर्चाचा हिशेब

घर पाहून आलो त्या रात्री आम्ही दोघांनी एका कागदावर दोनच आकडे लिहिले. पहिला होता आमच्याकडे पंधरा दिवसांत मोकळ्या होऊ शकणाऱ्या पैशांचा, १३९०. दुसरा होता घराची किल्ली हातात पडेपर्यंत आमच्या खिशातून जाणाऱ्या पैशांचा, १४००. हे आकडे रुपयांचे नाहीत, त्यांचे माप पुढे सांगितले आहे. फरक फक्त दहाचा होता. व्यवहार जुळवून देणाऱ्या मध्यस्थांना दुसऱ्या दिवशी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "मग जमतंय की! एवढ्याशासाठी घर कशाला सोडता?" आम्हालाही क्षणभर तसेच वाटले. तरीही आम्ही आठ दिवसांची मुदत मागितली आणि रोज रात्री तासभर बसून हिशेब पूर्ण केला. त्या आठवड्याच्या शेवटी घर तेच होते, बचतही तीच होती, पण १३९० हा आकडा खोडून त्या जागी ८७० लिहावा लागला. हा फरक कुठून आला, ते या लेखात क्रमाने मांडले आहे.

आधी एकक ठरवा

घराची किंमत मोठ्या आकड्यांत ऐकली की माणसाचा अंदाज सुटतो. एवढ्या मोठ्या रकमेपुढे थोडे इकडे, थोडे तिकडे काहीच वाटत नाही, आणि नेमक्या त्या 'थोड्या'त चार-पाच महिन्यांचा पगार निघून जातो. म्हणून आम्ही चलनाचा आकडा बाजूला ठेवला आणि दोघांच्या मिळून दरमहा हातात पडणाऱ्या उत्पन्नाला १०० मानले. हातात पडणारे म्हणजे कर आणि इतर कपाती वजा जाऊन खात्यावर जमा होणारे. वार्षिक बोनस किंवा जादा कामाचे पैसे त्यात धरले नाहीत, कारण ते येतीलच याची हमी नसते आणि हप्ता मात्र दर महिन्याला जातोच.

त्या १०० मध्ये माझ्या जोडीदाराचा वाटा ५८ होता आणि माझा ४२. ही विभागणी सुरुवातीलाच लिहून ठेवावी, पुढे ती लागते. घराची किंमत या मापात ५००० होती, म्हणजे दोघांचे पन्नास महिन्यांचे संपूर्ण उत्पन्न. सुरुवातीचे आणि पुढचे सगळे आकडे याच मापातले आहेत, त्यामुळे वाचकाने आपल्या उत्पन्नाला १०० मानले की त्याला आपला हिशेब तसाच मांडता येईल.

महिन्याचा खर्च आठवणीतून लिहू नये

पहिल्या रात्री आम्ही खर्च आठवून लिहिला. किराणा, प्रवास, वीज, फोन, औषधे, बाहेरचे खाणे असे सगळे मिळून ३८ झाले, आणि घरभाडे २२. म्हणजे दरमहा ४० शिल्लक पडायला हवी होती. मग तो म्हणाला, "अगं, ४० उरत असते तर वर्षात ४८० साठले असते. तेवढे कुठे आहेत?"

हीच सर्वांत सोपी आणि खात्रीची पडताळणी आहे. बारा महिन्यांपूर्वी सर्व खात्यांत आणि ठेवींत मिळून किती होते आणि आज किती आहे, यातला फरक काढावा. गुंतवणुकीच्या बाजारभावात झालेली वाढ किंवा घट त्यातून वेगळी करावी, म्हणजे आपण स्वतः टाकलेले पैसेच उरतील, आणि त्या रकमेला बाराने भागावे. आमचा फरक ३९६ निघाला, म्हणजे दरमहा ३३. आठवणीतला खर्च आणि खरा खर्च यांत महिन्याला ७ चे अंतर होते.

ते ७ शोधण्यासाठी आम्ही वर्षभराचे खातेउतारे काढून ओळीने वाचले. मोठी चैन त्यात कुठेही नव्हती. वर्षातून एकदाच भरायचे विम्याचे हप्ते, दुचाकीची दुरुस्ती, नातेवाइकांकडच्या कार्याला जाण्याचा प्रवास, भेटवस्तू, चष्म्याचा नवा नंबर, अशा नोंदी होत्या. महिन्याचा खर्च लिहिताना यांतले काहीच आठवत नाही, कारण यांतले काहीही दर महिन्याला येत नाही. वर्षाची बेरीज करून बाराने भागल्यावर भाडे सोडून खरा खर्च ४५ ठरला. हिशेबात पुढे सगळीकडे हाच आकडा वापरला. आम्ही ३८ धरून पुढे गेलो असतो, तर घर घेतल्यानंतर दर महिन्याला ७ कमी पडले असते आणि ते का कमी पडतात हे आम्हाला कळलेही नसते.

किल्ली हातात येईपर्यंतचा खर्च

कर्ज देणारी संस्था घराच्या संपूर्ण किमतीएवढे कर्ज सहसा देत नाही, काही हिस्सा आपण स्वतः भरावा लागतो. आम्ही तो हिस्सा किमतीच्या २० टक्के धरला, म्हणजे १०००. उरलेले ४००० कर्ज.

पण स्वतःचा हिस्सा भरला म्हणजे घर झाले असे नसते. खरेदीच्या नोंदणीचे शुल्क आणि सरकारी कर, कागदपत्रे तपासणाऱ्या वकिलांचे शुल्क, कर्जाच्या अर्जावरचे प्रक्रिया शुल्क, घराच्या मूल्यांकनाचे पैसे आणि मध्यस्थांचा मोबदला हे सगळे वेगळे असते. त्यानंतर सामान हलवणे, रंग, दिवे-पंखे, स्वयंपाकघरातील कपाटे, कुलपे बदलणे येते. यांतला बहुतेक खर्च कर्जात बसत नाही, तो रोखीनेच करावा लागतो. आमच्या यादीत शुल्के आणि कर मिळून ३०० झाले आणि राहायला जाण्यापुरती कामे १०० ची निघाली. म्हणजे किमतीच्या ८ टक्के. हे प्रमाण प्रत्येक ठिकाणी वेगळे असते, म्हणून टक्केवारी ऐकीव धरू नये. प्रत्येक ओळीसाठी ज्याला पैसे द्यायचे आहेत त्याच्याकडूनच आकडा लेखी घ्यावा. आमच्या यादीत मूल्यांकनाचे शुल्क सुरुवातीला नव्हतेच, ते कर्जाच्या माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर सापडले.

अशा रीतीने १००० आणि ४०० मिळून १४०० ही रोख रक्कम ठरली.

हप्ता, आणि हप्त्याच्या पलीकडचे घर

हप्ता काढण्यासाठी कोणाला विचारण्याची गरज नाही. संगणकावरच्या कोणत्याही हिशेबाच्या तक्त्यात पुढील सूत्र लिहिले की उत्तर मिळते. यात वार्षिक व्याज ८ टक्के, मुदत २४० महिने आणि कर्ज ४००० धरले आहे.

```
=PMT(8%/12, 240, -4000)
```

उत्तर ३३.४६ येते. म्हणजे उत्पन्नाचा जवळजवळ एक तृतीयांश. व्याजाचा दर आणि मुदत आपल्याला मिळालेल्या प्रस्तावाप्रमाणे बदलून घ्यावी.

मालकाचा महिना मात्र हप्त्यावर संपत नाही. भाड्याच्या घरात गळती झाली तर आम्ही घरमालकांना फोन करत होतो, स्वतःच्या घरात तो फोन करायला कोणी नसते. मोठ्या दुरुस्त्यांसाठी घराच्या किमतीच्या १ टक्का रक्कम दर वर्षी बाजूला ठेवावी, असा एक ठोकळ नियम वापरला जातो. आमच्या बाबतीत ते वर्षाला ५०, म्हणजे महिन्याला सुमारे ४ झाले. घर जुने असेल तर हा नियम कमी पडतो आणि अगदी नव्या घरात पहिली काही वर्षे त्यातले पैसे साठत राहतात, पण ते साठू द्यावेत, कारण छताचे किंवा नळवाहिन्यांचे काम निघते तेव्हा ते एकदम निघते. इमारतीच्या सामाईक देखभालीचे महिन्याला ३ आणि मालमत्ता कर व घराचा विमा मिळून १. एकूण ८.

म्हणजे मालकीचा खरा महिना ४१.५ चा होता आणि आम्ही तोपर्यंत भाडे भरत होतो २२. घरखर्चाचे ४५ धरले तर १०० मधून १३.५ उरत होते. यातून नवी बचत, वयोमानानुसार वाढणारे वैद्यकीय खर्च, आणि पुढे मूल झाले तर त्याचा खर्च, हे सगळे भागवायचे होते.

बचतीची बेरीज, आणि त्यातून काय वजा करायचे

आता लेखाच्या सुरुवातीच्या आकड्याकडे येऊ. आमच्या नावावर कागदोपत्री १९०० होते. खात्यावर ४००, मुदत ठेवी ६००, बाजाराशी निगडित गुंतवणूक ५००, निवृत्तीसाठीचा निधी ३००, आणि एका मित्राला उसने दिलेले १००.

निवृत्तीचा निधी आम्ही शून्य धरला. काही ठिकाणी घरासाठी त्यातून पैसे काढता येतात, पण तीस-पस्तीस वर्षांनी लागणाऱ्या पैशांवर पहिले घर उभे करायचे नाही, हे आमचे ठरले होते. उसने दिलेले पैसेही शून्य. मित्र प्रामाणिक आहे आणि पैसे परत येतील, परंतु ते नोंदणीच्या तारखेपूर्वी येतील असे आम्ही छातीठोकपणे म्हणू शकत नव्हतो. मुदतीआधी ठेवी मोडल्या तर व्याजात कपात होते, म्हणून ६०० चे ५९० धरले. बाजारातले ५०० आम्ही ४०० धरले, कारण नेमके आपल्याला पैसे हवे असतात त्या महिन्यात भाव पडलेले असू शकतात आणि नफ्यावर करही लागू शकतो. ४००, ५९० आणि ४०० मिळून १३९०. हाच तो पहिल्या रात्रीचा आकडा.

तो आकडा चुकीचा नव्हता, अपुरा होता. ते पैसे मोकळे होऊ शकतात एवढेच त्यातून कळत होते. ते खर्च करण्याजोगे आहेत की नाहीत, हे कळत नव्हते. त्यातली काही रक्कम आमची गंगाजळी होती. नोकरी गेली, आजारपण आले, घरातल्या कोणाला तातडीने मदत करावी लागली, तर जिच्या आधारावर काही महिने काढता येतील ती रक्कम. गंगाजळी किती असावी हे आजच्या खर्चावरून ठरवू नये, ही चूक आम्ही जवळपास केलीच होती. आजचा आमचा महिना ६७ चा होता, भाड्यासकट. सहा महिन्यांचे ४०२ झाले असते. पण गंगाजळीची गरज पडेल ती घर घेतल्यानंतर, आणि तेव्हाचा महिना ४५ अधिक ४१.५ म्हणजे ८६.५ चा असेल. त्याचे सहा महिने म्हणजे ५१९, सोयीसाठी ५२०. घर घेतले की गंगाजळी आपोआप कमी पडू लागते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही, कारण त्या खात्यातला आकडा तर तोच असतो.

१३९० मधून ५२० वजा केले आणि ८७० उरले. लागणार होते १४००. तूट ५३० ची.

मध्यस्थांच्या म्हणण्याप्रमाणे व्यवहार केला असता तर नोंदणीच्या संध्याकाळी आमच्याकडे घर असते, चार हजारांचे कर्ज असते आणि खात्यावर काहीही नसते. त्यानंतर दरमहा १३.५ वाचवून गंगाजळी पुन्हा उभी करायला तीन वर्षांहून अधिक काळ लागला असता, तोही त्या काळात काहीच बिघडले नाही तर.

जास्त कर्ज घेऊन तूट भरावी का

हा विचार आमच्याही मनात आला. कर्ज देणाऱ्या संस्थेने हप्ता उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत चालेल असे धरले, तर आम्हाला सुमारे ५९८० पर्यंत कर्ज मिळू शकत होते, म्हणजे घराच्या किमतीपेक्षाही जास्त. आपली पात्रता एवढी आहे हे ऐकून माणूस सुखावतो. पण पात्रतेच्या त्या हिशेबात आमचा ४५ चा खर्च, वर्षाचे विमा हप्ते किंवा ८ ची देखभाल कुठेच नव्हती. हप्ता ५० झाला असता तर ५० अधिक ८ अधिक ४५, असे १०३ झाले असते, म्हणजे उत्पन्नापेक्षा जास्त.

निम्मा मार्ग म्हणजे स्वतःचा हिस्सा १० टक्क्यांच्या आसपास आणून कर्ज ४५०० करणे. रोख ९०० वर आली असती, ८७० शी जवळजवळ जुळली असती. हप्ता ३७.६४ झाला असता आणि महिन्याची शिल्लक १३.५ वरून सुमारे ९ वर उतरली असती. आम्ही हा मार्ग लगेच फेटाळला नाही, पुढच्या पायरीवर तपासून पाहिला.

ताण देऊन पाहणे

कोणताही हिशेब सगळे सुरळीत चालले तर जुळतोच. म्हणून आम्ही तीन वाईट प्रसंग लिहून प्रत्येकावर आकडे चालवले.

पहिला, व्याजदर वाढण्याचा. कर्जाचा दर स्थिर नसेल तर तो मुदतीत वर-खाली होतो. दर ८ वरून १० टक्के झाला, तर ४००० च्या कर्जाचा हप्ता ३८.६० होतो. शिल्लक ८ च्या थोडी वर राहते. महिना तंग होतो, पण निभतो. ४५०० च्या कर्जाचा हप्ता मात्र ४३.४३ होतो आणि शिल्लक ४ च्याही खाली जाते. एवढ्या शिलकीवर एखादा दाताचा उपचारही होत नाही. जास्त कर्जाचा मार्ग आम्ही इथे सोडला. दर वाढल्यावर काही ठिकाणी हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली जाते. तसे झाले तर महिना सुटल्यासारखा वाटतो, पण भरण्याची वर्षे वाढतात, म्हणून दर बदलला की हप्ता बदलतो की मुदत, हे करार करण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

दुसरा, एकाची नोकरी जाण्याचा. सुरुवातीला लिहिलेली ५८ आणि ४२ ची विभागणी इथे लागते. माझा पगार थांबला तर ५८ मध्ये ८६.५ चा महिना भागवायचा, म्हणजे दरमहा २८.५ ची तूट, आणि ५२० ची गंगाजळी सुमारे अठरा महिने पुरते. त्याचा पगार थांबला तर तूट ४४.५ ची, आणि गंगाजळी साडेअकरा महिने. दोन्ही आकडे आम्हाला धीर देणारे वाटले. पण गंगाजळी रिकामी करून घर घेतले असते, तर दोन्ही प्रसंगांत पहिल्याच महिन्याचा हप्ता चुकला असता.

तिसरा प्रसंग वाईट नव्हे, आमच्या इच्छेचा होता. दोन-तीन वर्षांत मूल व्हावे असे आम्हाला वाटत होते. मी आठ महिने बिनपगारी रजेवर राहिले आणि घरखर्च ४५ वरून ५२ वर गेला असे धरले, तर दरमहा ३५.५ ची तूट येते, आठ महिन्यांची २८४. ती गंगाजळीतून भागते, पण त्यानंतर निम्म्याहून कमी गंगाजळी उरते. म्हणून रजेचे पैसे त्यासाठी वेगळे साठवायचे, गंगाजळीला हात लावायचा नाही, असे त्याच रात्री ठरले. हा विषय आधी आमच्यात नीट बोलला गेलाच नव्हता. घराच्या हिशेबामुळे बोलला गेला.

भाडे खरोखर वाया जाते का

"दर महिन्याला भाडे वाया घालवण्यापेक्षा तेच पैसे हप्त्यात जाऊ देत," हे वाक्य आम्ही प्रत्येक वडीलधाऱ्यांकडून ऐकले. ते तपासायचे असेल, तर भाडे आणि हप्ता यांची तुलना करून चालत नाही. हप्त्यातले मुद्दल आपल्याकडेच घराच्या रूपाने परत येते. परत न येणारे पैसे दोन्ही बाजूंनी शोधून त्यांचीच तुलना करावी लागते.

भाड्याच्या बाजूने परत न येणारे वर्षाला २६४. मालकीच्या बाजूने पहिल्या वर्षाचे व्याज पुढील सूत्राने निघते. उत्तर उणे चिन्हासह येते, तेवढे दुर्लक्षित करावे.

```
=CUMIPMT(8%/12, 240, 4000, 1, 12, 0)
```

व्याज ३१७. पहिल्या वर्षात आम्ही भरणार होतो ४०१ हून थोडे जास्त, आणि त्यातले मुद्दलात जाणार होते जेमतेम ८५. पहिली वर्षे हप्त्याचा बराच मोठा भाग व्याजाचाच असतो, म्हणून लवकर विकलेले घर सहसा महागात पडते. त्यात देखभाल आणि करांचे ९६ मिळवले. शिवाय रोख भरलेले १४०० ठेवीत राहिले असते तर कर वजा जाता समजा ५ टक्के, म्हणजे ७० मिळाले असते, तेही गेले. एकूण ४८३. भाड्यापेक्षा २१९ जास्त.

याचा अर्थ घर घेऊ नये असा नाही. घराची किंमत वाढली तर तो फरक भरून निघतो, आणि भाडे दर वर्षी वाढते तर व्याजाचा भाग दर वर्षी कमी होत जातो. किती वाढ व्हावी लागेल हे राहण्याच्या काळावर अवलंबून असते, कारण सुरुवातीचे ४०० हे एकदाच जातात आणि ते राहण्याच्या वर्षांवर वाटले जातात. भाडे आणि देखभाल दोन्ही वर्षाला ५ टक्के वाढतील असे धरून आम्ही ठोकळ हिशेब केला. तीन वर्षांत घर सोडायचे असेल, तर केवळ तोटा होऊ नये यासाठी किंमत दर वर्षी सहा टक्क्यांहून जास्त वाढायला हवी, आणि विकतानाचा खर्च त्यात धरलेलाच नाही. दहा वर्षे राहायचे असेल तर वर्षाला तीन टक्क्यांच्या आसपासची वाढही पुरते. किंमत अमुक वाढेलच असे कोणीही सांगू शकत नाही, म्हणून प्रश्न आम्ही आमच्या हातातल्या गोष्टीपुरता ठेवला. या गावात, या नोकऱ्यांसह, आपण किमान सात-आठ वर्षे राहणार आहोत का? त्याच्याकडून उत्तर लगेच "हो" आले. माझ्या कार्यालयात बदलीची शक्यता होती, म्हणून मी वरिष्ठांशी बोलून दोन दिवसांनी "हो" म्हटले.

आधी तालीम, मग घर

आता चित्र स्पष्ट झाले होते. घर घ्यायचे, पण आज नाही आणि हे नाही. उलटा हिशेब केला तर ते आणखी स्वच्छ दिसते. स्वतःचा हिस्सा २० टक्के आणि इतर खर्च ८ टक्के धरले, तर रोख रक्कम किमतीच्या २८ टक्के लागते. ८७० हे २८ टक्के मानले तर आज परवडणारे घर साधारण ३१०० चे होते. तेवढ्यात आम्हाला हवी तशी जागा नव्हती. तूट ५३० ची, बचत महिन्याला ३३, म्हणजे सोळा महिने. त्या काळात किमती वर्षाला ४ टक्क्यांनी वाढल्या तर लागणारी रोख रक्कमही सुमारे ७५ ने वाढते, म्हणजे आणखी दोन महिने. आम्ही अठरा महिने धरले आणि विकणाऱ्यांना नम्रपणे नकार कळवला.

या अठरा महिन्यांतले पहिले सहा महिने आम्ही घर घेतलेच आहे असे समजून काढले. पगार जमा झाला की त्याच दिवशी भाड्याचे २२ द्यायचे आणि ४१.५ पूर्ण करण्यासाठी उरलेले १९.५ एका वेगळ्या खात्यात टाकायचे. त्या खात्याचे कार्ड आम्ही घेतलेच नाही. उरलेल्या ५८.५ मध्ये महिना चालवायचा. पहिले दोन महिने सहज गेले. तिसऱ्या महिन्यात दोन विम्यांचे हप्ते आणि त्याच्या दाढेचे काम एकत्र आले, आणि २३ तारखेला चालू खाते रिकामे झाले. वर्षाच्या सरासरीत हे सगळे खर्च ४५ मध्ये धरलेले होते, परंतु सरासरी महिन्याला सारखी असते आणि बिले सारखी नसतात. यावर उपाय साधा होता. वार्षिक बिलांची यादी करून त्यांचा बारावा हिस्सा दर महिन्याला बाजूला काढू लागलो, आणि चालू खात्यात एक महिन्याचा खर्च कायम पडून राहील अशी व्यवस्था केली. हप्ता खरा असता आणि त्या महिन्यात चुकला असता, तर दंड लागला असता आणि परतफेडीच्या नोंदीवर डाग पडला असता.

बाजारातले पैसे आम्ही याच काळात थोडे थोडे करून ठेवीत आणले, कारण दीड वर्षात लागणाऱ्या पैशांना भाव सावरण्याची वाट पाहता येत नाही. मित्राने उसने पैसे दहाव्या महिन्यात परत केले, ते आम्ही बाळाच्या रजेच्या खात्यात टाकले.

एकोणिसाव्या महिन्यात घर मिळाले, पहिल्यापेक्षा एक खोली लहान, किंमत जुन्याच मापात ४९००. घरासाठीची रक्कम तोपर्यंत १४९७ झाली होती. स्वतःचा हिस्सा ९८० भरला. इतर खर्च ४०० धरला होता, तो ४४० झाला, कारण विजेच्या जुन्या तारा बदलाव्या लागल्या. ७७ उरले. पहिल्याच पावसाळ्यात न्हाणीघराच्या भिंतीतून पलीकडच्या खोलीत ओल आली, फरशी उकरून काम करावे लागले आणि २६ गेले. ते त्या ७७ मधून दिले. ५२० ची ठेव होती तिथेच आहे.